स्वस्त, बिनब्रँडचे चार्जर: आतल्या सहा मिलिमीटरबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्टेशनबाहेर, आठवडी बाजारात किंवा मोबाइल रिपेअरिंगच्या टपरीवर शंभर रुपयांच्या आत मिळणाऱ्या चार्जरबद्दल हे प्रश्न आहेत. यातला मोठा भाग इन्सुलेशनवर आहे, कारण जीवघेणा दोष तिथेच असतो आणि बाहेरून तो दिसत नाही. केबल सैल बसते किंवा चार्जिंग हळू होतं या तक्रारी इथे घेतलेल्या नाहीत.

चार्जर वर्षभर फोन नीट चार्ज करतोय. मग धोका कुठे आहे?

चार्जरला दोन कामं असतात. भिंतीतल्या २३० व्होल्टचे ५ व्होल्ट करणं हे पहिलं. त्या २३० व्होल्टचा तुमच्या फोनशी आणि हाताशी कुठेही थेट संबंध येऊ न देणं हे दुसरं. पहिलं काम बिघडलं तर फोन चार्ज होत नाही आणि ते लगेच कळतं. दुसरं काम मुळातच अर्धवट केलेलं असलं तरी फोन शंभर टक्के चार्ज होतो. त्यामुळे ‘चालतोय ना’ या उत्तराने पहिल्या कामाची खात्री पटते, दुसऱ्याबद्दल काहीच कळत नाही. स्वस्त चार्जरमध्ये पैसे वाचवले जातात ते नेमके या दुसऱ्या कामात.

या दोन बाजू एकमेकींपासून वेगळ्या कशाने राहतात?

चार्जरच्या आतल्या सर्किटचे दोन भाग असतात. पिनांकडचा भाग मेन्सचा. तिथे २३० व्होल्टचा एसी डायोडमधून जाऊन साधारण ३२५ व्होल्टचा डीसी होतो. यूएसबी सॉकेटकडचा भाग फोनचा. या दोहोंमध्ये एक सीमा असते आणि ती तीन ठिकाणी सांभाळावी लागते.

पहिलं ठिकाण पीसीबी, म्हणजे ज्यावर सगळे भाग सोल्डर केलेले असतात ती पाटी. चांगल्या चार्जरच्या पीसीबीवर दोन बाजूंच्या तांब्याच्या पट्ट्यांमध्ये पाच ते सहा मिलिमीटरची मोकळी जागा असते. जागा कमी पडली तर तिथे पीसीबीला आरपार खाच पाडतात, म्हणजे धूळ आणि ओल साचून वीज पृष्ठभागावरून सरकत पलीकडे जाऊ शकत नाही.

दुसरं ठिकाण ट्रान्सफॉर्मर. एकाच छोट्या बॉबिनवर मेन्सची आणि फोनची अशा दोन्ही वाइंडिंग एकीवर एक असतात. तांब्याच्या तारेवरचं चकचकीत एनॅमल हे सुरक्षेचं इन्सुलेशन मानलं जात नाही, कारण गुंडाळताना त्यावर सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. म्हणून मध्ये पिवळ्या पॉलिएस्टर टेपचे तीन थर देतात आणि कडेला मोकळी पट्टी सोडतात. नाहीतर फोनच्या बाजूची वाइंडिंग तिहेरी आवरणाच्या तारेने करतात.

तिसरं ठिकाण म्हणजे सीमा ओलांडणारा एक छोटा, बहुधा निळा कपॅसिटर. रेडिओतला गोंगाट आणि टचस्क्रीनचं भरकटणं कमी व्हावं म्हणून तो मुद्दाम बसवलेला असतो. याला वाय-कपॅसिटर म्हणतात आणि त्याच्या अंगावर `Y1` असं छापलेलं असतं. हा प्रकार अशा तऱ्हेने बनवतात, की निकामी होताना तो शॉर्ट न होता त्यातला मार्ग तुटावा.

शंभर रुपयांच्या आतला चार्जर उघडला तर आत काय सापडतं?

लेबलवर ५ व्होल्ट, २ अँपिअर लिहिलेला नेहमीचा पांढरा चौकोनी चार्जर घ्या. दोन्ही अर्धे स्क्रूने किंवा वेल्डिंगने जोडलेले नसतात, नुसते खाचेत बसवलेले असतात. नखाने जोर दिला की उघडतात. म्हणजे बोर्डातून ओढून काढताना नुसती पुढची टोपी हातात येऊन पिना आणि पीसीबी सॉकेटमध्येच राहू शकतात. त्या वेळी बोटं थेट २३० व्होल्टवर असतात.

आत पिनांपासून पीसीबीपर्यंत दोन केसासारख्या तारा, नुसत्या सोल्डरवर टेकलेल्या. खरं तर त्या आधी छिद्रात वाकवून मग सोल्डर करायला हव्यात, कारण सोल्डर सुटलं की सुटी तार फिरून फोनच्या बाजूला टेकते. चार डायोडच्या ब्रिजऐवजी एकच `1N4007`. फ्यूजच्या जागी पाव वॅटचा साधा रेझिस्टर, म्हणजे शॉर्ट झाल्यावर सर्किट तोडताना स्वतःच पेटणारा भाग. पुढे २.२ मायक्रोफॅरडचा, ४०० व्होल्टचा एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आणि `13001` लिहिलेला एक ट्रान्झिस्टर. एवढ्या भागांतून १० वॅट निघत नाहीत. एक अँपिअरच्या आसपासच व्होल्टेज कोसळायला लागतं.

आता पीसीबी उलटा करा आणि सीमा शोधा. ट्रान्सफॉर्मरच्या खाली मेन्सची पट्टी आणि यूएसबीची निगेटिव्ह पट्टी यांच्यातलं अंतर एक मिलिमीटर, कधी त्याहून कमी. सोल्डरचा एखादा थेंब पसरला तर तेही अर्धं होतं. ट्रान्सफॉर्मरची टेप सोडवली तर दोन वाइंडिंगच्या मध्ये एकच वेढा, आणि कडेला तारा एकमेकींना टेकलेल्या. वाय-कपॅसिटरच्या जागी साधी सिरॅमिक चकती, अंगावर `102` आणि `1KV`, पण `Y1` कुठेही नाही. अशी चकती फुटताना शॉर्ट होऊ शकते, आणि त्या क्षणी मेन्सची बाजू यूएसबीच्या धातूच्या कडेशी थेट जोडली जाते.

उघडून पाहायचंच असेल तर आधी बोर्डातून काढून पाच मिनिटं ठेवा आणि मोठ्या कपॅसिटरवरचा व्होल्टेज मल्टिमीटरने १० व्होल्टच्या खाली आल्याची खात्री करा. चांगल्या चार्जरमधला ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ३२५ व्होल्टवर पाव ज्यूल ऊर्जा धरून असतो. जीव जात नाही, पण हात असा झटकतो की दुसऱ्या कशावर तरी आदळतो. उघडलेला चार्जर पुन्हा बोर्डात लावू नका.

चार्जिंगला लावलेल्या फोनच्या धातूच्या कडेला हात लावला की झिणझिण्या येतात. हा शॉक आहे का?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याला एका शब्दात उत्तर नाही.

चांगल्या चार्जरमध्येही वाय-कपॅसिटरमधून थोडा करंट गळतो. हिशेब साधा आहे. १ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ धरले तर जास्तीत जास्त सुमारे ७२ मायक्रोअँपिअर. २.२ नॅनोफॅरडचा असेल तर साधारण १६०. दोन पिनांच्या अशा उपकरणांना मानकाने घातलेली मर्यादा २५० मायक्रोअँपिअर, म्हणजे पाव मिलिअँपिअर. बऱ्याच माणसांना अर्ध्या ते एक मिलिअँपिअरपर्यंत काही जाणवत नाही. पण पंज्याची पाठ किंवा मनगट धातूवरून हलकेच फिरवलं तर याहून कमी करंटही खरखरीत, कंप पावल्यासारखा लागतो. ही झिणझिण किंवा खरखर दोष नव्हे.

मल्टिमीटरने इथे अनेकांची घाबरगुंडी उडते. यूएसबीची कड आणि अर्थिंग यांत ९० ते ११५ व्होल्ट एसी दिसतात. चांगल्या चार्जरवरही दिसतात, कारण मीटर जवळजवळ करंट घेतच नाही. महत्त्वाचा असतो तो करंट, आणि तो वरच्या हिशेबाएवढाच असू शकतो.

दोषाची लक्षणं वेगळी आहेत. बोट टेकताच चटका किंवा टोचल्यासारखं होणं, स्नायू आकसणं, ओल्या हाताने किंवा अनवाणी फरशीवर उभं राहून एकदम तीव्र लागणं. आधी येत नव्हतं आणि आता येतं, हेही लक्षणच. टेस्टर फोनच्या कडेला लावून दिवा अंधुक लागला तर त्यावरून काही ठरवू नका, निऑन टेस्टर गळतीच्या करंटवरही लागतो. तोच फोन, तीच केबल, दुसरा खात्रीचा चार्जर अशी तुलना करा. फरक स्पष्ट जाणवला तर पहिला चार्जर त्याच दिवशी बाद करा.

वर्षानुवर्षं ठीक चालल्यावर एके दिवशी शॉक का बसतो?

कारण एक मिलिमीटर अंतर कोरड्या दिवशी पुरतं. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब असते. चार्जरच्या फटींतून शिरलेली धूळ ओल धरते, किनाऱ्यावर त्यात मीठ असतं, आणि पीसीबीच्या पृष्ठभागावर वीज वाहणारा थर तयार होतो. सोल्डरिंगनंतर न धुतलेला फ्लक्स त्यात भर घालतो. त्या थरातून बारीक करंट सरकतो, जागा तापते, पीसीबी काळपट पडतो. जळालेला पीसीबी म्हणजे कार्बन, आणि कार्बनमधून वीज आणखी सहज जाते. सहा मिलिमीटरवर हा मार्ग सहसा पुरा होत नाही, एकावर होतो.

दुसरं कारण पुरवठा. डीपीपासून येणारा न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला, की सिंगल फेजच्या घरात २३० ऐवजी चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात. चारशे व्होल्ट एसीचा शिखर व्होल्टेज साडेपाचशेच्या वर जातो, आणि चार्जरमधला कपॅसिटर आहे ४०० व्होल्टचा. तो फुटतो, आतलं द्रावण पीसीबीभर उडतं आणि ते वीज वाहतं. चांगला चार्जरही अशा वेळी मरतो, पण फ्यूजेबल रेझिस्टर उडून मेन्स तुटतो आणि सीमा शाबूत राहते. स्वस्त चार्जरमध्ये त्याच क्षणी फोन हातात असलेला माणूस सीमेच्या जागी येतो. गावात लाइट भलताच भगभगीत पेटला किंवा पंखा अचानक जोरात फिरू लागला, तर आधी मेनस्विच बंद करा, मग वायरमनला बोलवा.

चार्जर किती गरम झालेला चालतो?

फोन चार्ज होत असताना कोमट ते गरम लागणं साहजिक आहे. खोलीत ३० अंश असताना चांगल्या चार्जरचा पृष्ठभाग ४५ ते ५५ अंशांपर्यंत जाऊ शकतो. त्यावर तळहात आरामात ठेवता येतो. पाच सेकंदही ठेववत नसेल तर तापमान साधारण ६० च्या पुढे आहे, आणि आतलं त्याहून बरंच जास्त.

फोनला ५ वॅट देताना ८० टक्के कार्यक्षमतेचा चार्जर सव्वा वॅट उष्णतेत घालवतो. ६० टक्क्यांचा घालवतो सव्वातीन वॅट, आणि तेही काडेपेटीएवढ्या बंद डब्यात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. म्हणून असे चार्जर काही महिन्यांतच चोंदल्यासारखे वागू लागतात. त्याहून वाईट म्हणजे ट्रान्सफॉर्मरचं एनॅमल आणि तो एकुलता टेपचा वेढा त्याच उष्णतेत ठिसूळ होतो. तापणं आणि शॉक हे दोन वेगळे धोके नाहीत, पहिला दुसऱ्याची वाट तयार करतो.

उशीखाली, गादीवर किंवा पडद्याआड चार्जर ठेवला की ही उष्णता बाहेर जाऊच शकत नाही. मासे तळल्यासारखा किंवा जळक्या प्लॅस्टिकचा वास, पिनांभोवती पिवळसर डाग, फुगलेली टोपी, आतून किरकिर, यांपैकी एकही दिसलं तर पुन्हा वापरू नका.

शॉक बसला तर एमसीबी पडेल ना?

नाही. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या पुढे हालचाल करतो. ओल्या शरीराचा रोध साधारण १००० ओहम धरला तर २३० व्होल्टवर २३० मिलिअँपिअर वाहतात. एमसीबीला हे जाणवतही नाही, आणि हृदयाची लय बिघडायला ३० मिलिअँपिअरच्या पुढचा करंट पुरेसा ठरू शकतो.

हे काम आरसीसीबीचं, म्हणजे गेलेला आणि परत आलेला करंट सारखा नसेल तर लाइन तोडणाऱ्या स्विचचं. ३० मिलिअँपिअरचा घ्या. इथे एक बारकावा आहे. चार्जरमधला डायोड मध्ये असल्यामुळे शरीरातून जाणारा करंट पुष्कळदा अर्ध्या लहरींचा असतो, आणि एसी प्रकारचा आरसीसीबी अशा करंटवर पडेलच याची हमी नसते. ए प्रकारचा पडतो. खरेदी करताना अंगावरची खूण पाहा: नुसती एक लहर म्हणजे एसी, लहरीखाली अर्ध्या लहरींची खूण असेल तर ए. महिन्यातून एकदा त्यावरचं ‘टेस्ट’ बटण दाबून तो पडतो का ते बघा. आणि आरसीसीबी आहे म्हणून वाईट चार्जर चालवू नका. तो शॉक टाळत नाही, आवरतो.

घरी मल्टिमीटरने चार्जर पास-नापास करता येतो का?

नापास करता येतो, पास करता येत नाही. चार्जर बोर्डातून काढा, मीटर सर्वांत मोठ्या ओहम रेंजवर ठेवा, एक टोक पिनेला आणि दुसरं यूएसबीच्या धातूच्या कडेला लावा. दोन्ही पिनांना आळीपाळीने लावून आणि टोकं उलटी करूनही पाहा. प्रत्येक वेळी `OL` किंवा `1` स्थिर दिसायला हवं. कुठलाही आकडा टिकून राहिला तर चार्जर बाद.

`OL` आलं तर मात्र निर्धास्त होऊ नका. मीटरची बॅटरी काही व्होल्टचीच असते. वायरमनच्या इन्सुलेशन तपासायच्या ५०० व्होल्टच्या मीटरने, म्हणजे मेगरनेही, अर्धा मिलिमीटर हवेची फट बिनबोभाट पास होते. प्रयोगशाळेत अशा चार्जरवर मेन्स आणि फोनच्या बाजूंमध्ये सुमारे ३००० व्होल्ट एसी मिनिटभर देऊन पाहतात. घरी ते करायचं नसतं.

मग विकत घेताना काय पाहायचं?

भारतात मोबाइलचा चार्जर बीआयएसच्या, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, सक्तीच्या नोंदणीखाली येतो. लेबलवर `IS 13252 (Part 1)` किंवा नव्या मालावर `IS/IEC 62368 (Part 1)` आणि त्याखाली `R-` आणि आठ आकडे असायला हवेत. हा आर-नंबर कारखान्याचा आणि ब्रँडचा असतो. फोनमध्ये `BIS Care` अॅप घ्या, त्यात `Verify R-No. under CRS` मध्ये तो टाका. नाव, ब्रँड, वस्तूचा प्रकार आणि नोंदणी चालू आहे की नाही हे दिसतं. नंबर खरा पण ब्रँड दुसराच, किंवा वस्तू चार्जरऐवजी भलतीच, असं निघालं तर लेबल चोरलेलं आहे. दुकानात उभं राहून एक मिनिट लागतं.

लेबलवर ठळक `CE` आहे, एवढ्यावर जाऊ नका. ती खूण युरोपसाठी आहे आणि बहुतेक वेळा उत्पादकाने स्वतःच लावलेली असते. वजनावरही विसंबू नका.

फोनच्याच कंपनीचं नाव असलेला ‘फर्स्ट कॉपी’ चालेल का?

नाव छापायला चार पैसे लागतात, तीन थरांच्या टेपला जास्त. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या यूएल या चाचणी संस्थेने ॲपलच्या नावाचे ४०० नकली चार्जर तपासले. त्यातले फक्त तीन इन्सुलेशनच्या चाचणीत टिकले, आणि १२ इतके वाईट बनवलेले होते की प्राणघातक शॉकचा धोका होता. बाहेरून ते मूळ चार्जरसारखेच दिसत होते.

बटण बंद ठेवलं की चार्जर सुरक्षित असतो का?

बोर्डातलं बटण फेजवर असेल तर हो. जुन्या घरांत आणि स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डांत ते कधी कधी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. मग बटण बंद असूनही चार्जरची एक पिन जिवंत राहते. बटण बंद करून सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर घाला. दिवा लागला तर वायरमनकडून वायर बदलून घ्या. तोवर चार्जर काढूनच ठेवा. मुलं लोंबणारी केबल तोंडात घालतात, म्हणून लहान मूल असलेल्या घरात हे आधी करा.

रिचार्जेबल टॉर्च आणि मच्छरांच्या बॅटला हेच लागू आहे का?

थेट पिना असलेल्या स्वस्त टॉर्च आणि बॅटमध्ये बहुधा ट्रान्सफॉर्मरच नसतो. एक कपॅसिटर करंट कमी करतो आणि बॅटरी मेन्सशी थेट जोडलेली असते. बंद डब्यात हे चालून जातं. डबा तडकला किंवा बॅटरीचं झाकण निघालं असेल तर चार्जिंगला असताना हात लावू नका.

एखाद्याला चार्जरमधून शॉक बसत असेल तर?

त्या माणसाला धरू नका. आधी मेनस्विच पाडा. तो हाताशी नसेल तर कोरड्या प्लॅस्टिकच्या खुर्चीने किंवा लाकडी काठीने फोन आणि केबल त्याच्यापासून दूर ढकला. शुद्ध आणि श्वास नसेल तर १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा आणि छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाबत राहा. शुद्धीवर असला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्या.

तो चार्जर फेकू नका, पिशवीत घालून बाजूला ठेवा आणि लेबलचा फोटो काढा. बीआयएसकडे त्याच अॅपमधून किंवा ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला तक्रार करताना तोच पुरावा असतो. ज्याबद्दल तक्रार नाही असा बाद चार्जर ई-कचऱ्यात देण्याआधी त्याच्या पिना पक्कडीने वाकवा, म्हणजे तो कुणाच्या बोर्डात परत बसणार नाही.